उंचीची अट समजते, वजनाची नाही

हवाई सुंदरीच्या नोकरीतील सगळ्याच शारीरिक अटी एका मापाने मोजू नयेत. उंचीची अट समजू शकते. डोक्यावरच्या कप्प्यांत आणीबाणीचे साहित्यही असते, तिथे हात पोहोचायलाच हवा. एमिरेट्स ही विमान कंपनी तर टाचा उंचावून २१२ सेंटिमीटरपर्यंत हात पोहोचतो का, हे पाहते.

वजनाचे काय? हवाई वाहतुकीचे नियमन करणाऱ्या डीजीसीएच्या २०१४ च्या निकषांत बीएमआयची, म्हणजे उंचीच्या प्रमाणात वजनाची, सामान्य मर्यादा पुरुषांसाठी २५, महिलांसाठी मात्र २२ होती. त्यानुसार १६० सेंटिमीटर उंचीचा पुरुष ६४ किलोंपर्यंत ‘सामान्य’ आणि तेवढ्याच उंचीची महिला ५७ किलोंची झाली की जादा वजनाची! आणीबाणीचे दार उघडताना हा फरक कुठे येतो? दार उघडता येते का, धूर भरलेल्या केबिनमधून माणसे बाहेर काढता येतात का, याची परीक्षा घ्या आणि नापास झाल्यास खुशाल घरी बसवा.

वयाचेही तेच. एअर इंडियात एकेकाळी हवाई सुंदरींना ३५ व्या वर्षी किंवा पहिल्या गरोदरपणातच निवृत्त करत. गरोदरपणाची अट सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रद्द केली. हॉटेलच्या स्वागतकक्षातील नोकरीत तर आणीबाणीचे दारही उघडायचे नसते. तिथे भरती करताना उंची कशाला मोजता?

– एक वाचक, डोंबिवली