दोन लग्नं नकोत, एकच लावू

ति. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही सुचवलंत की आधी साताऱ्यात आपल्या पद्धतीनं लग्न लावू आणि दोन दिवसांनी वसईला चर्चमध्ये त्याच्या घरच्या कॅथलिक पद्धतीनं. म्हणजे कुणाचंच मन मोडणार नाही. फादर याला नाही म्हणाले हे ऐकून तुम्ही गप्प झालात, आणि मागून आईचा आवाज आला, "आपलं लग्न त्यांना चालत नाही, मग आपली पोरगी कशी चालते?" हा प्रश्न मनात ठेवून मला मांडवात उभं राहायचं नाही. म्हणून फोनवर अर्धवट बोलण्यापेक्षा सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी फादरांच्या नकाराचं. आपल्या विधींना ते कमी लेखत नाहीत. कॅथलिक शिकवणुकीत नवराबायकोनं एकमेकांना दिलेली संमती हेच लग्न. फादर लग्न लावत नाहीत, ते साक्षीला उभे राहतात. लग्न ती दोघंच एकमेकांशी लावतात. ती संमती एकदाच द्यायची असते. म्हणून त्यांच्या धर्मकायद्यात स्पष्ट लिहिलंय की अशा मिश्र विवाहात चर्चच्या विधीआधी किंवा नंतर पुन्हा संमती देण्याघेण्याचा दुसरा धार्मिक विधी करायचा नाही. आता आपल्याकडे पाहा. अंतरपाट धरला, मंगलाष्टका झाल्या, कन्यादान झालं आणि सातवं पाऊल पडलं की लग्न पुरं झालं, असं आपण मानतो. साताऱ्यात सप्तपदी केली तर मी त्याची बायको झालेच. मग वसईला कोणत्या तोंडानं म्हणू की आता तुला नवरा म्हणून स्वीकारते? हे मी फादरांच्या बाजूनं बोलत नाही. आपली सप्तपदी आपण खरी मानत असू, तर ती नुसती फोटोपुरती करणं मलाही नको आहे.

दुसरं, बाबा, फक्त साताऱ्यात लग्न लावलं तर ते कायद्यात बसत नाही. हिंदू विवाह कायदा वर आणि वधू दोघंही हिंदू असतील तरच लागू होतो (त्यात बौद्ध, जैन, शीख आले). आंध्रमधल्या एका प्रकरणात रोमन कॅथलिक मुलानं हिंदू मुलीशी 1996 साली देवळात ताली, म्हणजे तिकडचं मंगळसूत्र, बांधून लग्न केलं होतं. त्याची त्या कायद्याखाली नोंदणीही झाली होती. तरी 2008 साली सर्वोच्च न्यायालयानं ते लग्न त्या कायद्यानं ग्राह्य नाही असंच ठरवलं. सर्टिफिकेट हातात असूनही उपयोग झाला नाही. काका म्हणतात तसं "आधी लावून टाका, मग बघू" करता येणार नाही, ते यामुळे.

मग रजिस्टर का नाही, असं तुम्ही विचारलंत, आणि त्यात धर्म सोडावा लागतो असं आजोबा सांगायचे तेही सांगितलंत. आजोबा जुन्या, 1872 च्या कायद्याबद्दल बोलत होते. त्यात खरंच लिहून द्यावं लागायचं की मी हिंदू नाही, ख्रिस्ती नाही, अमुक नाही. 1954 च्या विशेष विवाह कायद्यात ती अट राहिली नाही, दोघंही आपापल्या धर्मात राहू शकतात. तीस दिवसांची नोटीस लागते आणि तीन साक्षीदार. पण त्यात आपल्या घरासाठी एक मेख आहे. एकत्र कुटुंबातल्या हिंदू माणसानं या कायद्याखाली दुसऱ्या धर्मातल्या माणसाशी लग्न केलं, की तो त्या एकत्र कुटुंबातून विभक्त झाला असं धरतात. हिस्सा बुडत नाही, पण वेगळा होतो. आपली कोरेगावची जमीन अजून तुमच्या आणि काकांच्या सामाईक नावावर आहे. माझ्या लग्नामुळे वाटणीचा विषय घरात निघावा असं मला वाटत नाही. चर्चमध्ये लग्न 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली नोंदवलं जातं. तिथं दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी चालतं, आणि हे विभक्त होण्याचं कलम त्यात नाही.

पण जमिनीमुळे मी चर्चचा निर्णय घेतलेला नाही. मी एवढाच विचार केला की कुठल्या मार्गानं कुणाचं काय सुटतं. नुसतं रजिस्टर केलं तर माझं काही सुटत नाही. मी दुसऱ्या दिवशी पालीला खंडोबाच्या पायऱ्या चढले तर मला कुणी अडवणार नाही. त्याचं मात्र सुटतं. चर्चच्या परवानगीशिवाय बाप्तिस्मा न झालेल्या माणसाशी केलेलं कॅथलिकाचं लग्न चर्च ग्राह्यच धरत नाही. मग त्याला मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, पुढे जाऊन ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही. त्याच्या आई दर रविवारी त्याच्याबरोबर बाकावर बसतात. लग्नानंतर आपला मुलगा बाकावरच राहिला आणि त्या एकट्याच पुढे गेल्या, हे त्यांना सोसणार नाही. त्याच्याकडचा मार्ग अरुंद आहे, पण मार्ग आहे. ज्याला वळता येतं त्यानं वळावं, असं मला वाटतं. आपल्याकडे बिशप नाही, भावकी आहे, आणि तिलाही तोंड द्यावं लागतं हे मला ठाऊक आहे. पण भावकीशी बोलता येतं. आणि आई, दर पौषात तू ज्याच्या लग्नाला पालीला जातेस त्या खंडोबाची म्हाळसा लिंगायत वाण्याची आणि बाणाई धनगराची. आत्याला एवढं सांग.

त्याच्याकडचा तो अरुंद मार्ग म्हणजे बाप्तिस्मा न झालेल्या मुलीशी लग्न करायला बिशपांकडून मिळणारी सूट. त्यासाठी मला बाप्तिस्मा घ्यावा लागत नाही. आत्याला वाटतंय तसं नाव बदलावं लागत नाही, कुंकू पुसावं लागत नाही. फादरांनी आम्हां दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं. तुझ्यावर कुणी जबरदस्ती केली आहे का? हे लग्न आयुष्यभराचं आहे हे मान्य आहे का? एकमेकांशी एकनिष्ठ राहाल का? मुलं होऊ द्यायची तयारी आहे का? तो बाहेर व्हरांड्यात होता आणि दार लावलेलं होतं. आपल्या नात्यातल्या किती मुलींना लग्नाआधी कुणी असं दार लावून विचारलं असेल, असं तिथं बसल्या बसल्या वाटून गेलं.

सगळ्यात अवघड भाग मुलांचा आहे, आणि तो मी तुमच्यापासून लपवणार नाही. सूट मिळण्यासाठी त्यानं वचन द्यायचं आहे: मी माझी श्रद्धा सोडणार नाही, आणि आमच्या सगळ्या मुलांचा बाप्तिस्मा व्हावा, ती कॅथलिक म्हणून वाढावीत यासाठी माझ्याकडून होईल ते सगळं करेन. पूर्वी दुसऱ्या धर्मातल्या जोडीदाराकडूनही असं लिहून घ्यायचे. 1970 साली पोप पॉल सहावे यांनी ते बंद केलं. आता त्यानं काय वचन दिलंय हे मला आधी सांगितलेलं असलं पाहिजे, एवढंच. मी कशालाच बांधलेली नाही. "माझ्याकडून होईल ते" हे शब्द मी फादरांना पुन्हा विचारून घेतले. ते म्हणाले, बायकोवर बळजबरी करून किंवा संसार मोडून हे वचन पाळावं असं चर्च सांगत नाही.

पण कागदावर मी मोकळी आहे म्हणून प्रश्न सुटत नाही. ओळखीतल्या एका जोडप्यानं "मूल झाल्यावर ठरवू" म्हणून हा विषय ठेवून दिला. मूल झालं. बारसं झालं, बाप्तिस्मा राहिला, आणि मग प्रत्येक नाताळ आणि प्रत्येक गणपती म्हणजे कुणाची सरशी झाली याचा हिशोब होऊन बसला. मुलगी शाळेत जायला लागली तरी दोन्ही आज्या एका ताटावर बसत नव्हत्या. म्हणून आम्ही लग्नाआधीच बोललो. मुलांचा बाप्तिस्मा होईल, याला मी स्वखुशीनं हो म्हटलंय. बारसं साताऱ्यात होईल, पाळण्यात तू घालशील, कानात नाव आत्या सांगेल. पालीच्या यात्रेला ती माझ्याबरोबर येतील. ती आपल्या घरी असताना देवघरात दिवा लागेल आणि कुणी त्यांना तिथून उठवणार नाही, हे त्यानं त्याच्या आईवडिलांसमोर सांगितलंय. त्याचे वडील लगेच काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचा मला फोन आला, "चालेल." बाबा, तुम्हाला यात गमावल्यासारखं वाटेल, आणि ते तसं वाटणं बरोबर आहे. दोन्ही घरांना थोडं थोडं वाटणारच.

आता लग्नाचं. मी बाप्तिस्मा घेतलेली नसल्यानं या लग्नाला ते संस्कार मानत नाहीत, पण खरं आणि बंधनकारक लग्न मानतात. म्हणून पूर्ण मिस्सा नसेल. वाचन, वचनं, अंगठ्या, प्रार्थना, साधारण पाऊण तास. फादर मंगळसूत्रावरही आशीर्वाद देणार आहेत आणि ते चर्चमध्येच घातलं जाईल. बाबा, तुम्ही मला हाताला धरून आत आणायचं आहे. लग्नाआधी त्यांच्या चर्चमध्ये रविवारी आमची नावं वाचतील, कुणाची हरकत आहे का म्हणून. ती नोटीसच आहे, त्यात अपमान मानू नका. तारखेचं म्हणाल तर राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत उपवासकाळ असतो, त्यात ते लग्न टाळतात. त्यामुळे ईस्टरनंतरचा, वैशाखातला मुहूर्त आई तू काढ. तारीख तूच धरायचीस, ते अडवणार नाहीत.

आणि साताऱ्यात देवक बसेल, हळद होईल, चुडा भरला जाईल, ओटी भरली जाईल. यातल्या कशातही संमती देणंघेणं नाही, त्यामुळे फादरांची हरकत नाही. हळदीला तो त्याच्या आईवडिलांसह येणार आहे. लग्नानंतर घरी जागरण-गोंधळ घालू. फक्त अंतरपाट, मंगलाष्टका, कन्यादान आणि सप्तपदी नाही. आई, कन्यादानाचं तुला किती लागलंय हे मला माहीत आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

काकांना सांगा, हॉल हळदीच्या आणि जेवणाच्या हिशोबानंच घ्या, भटजींना लग्नाची सुपारी देऊ नका, देवकासाठी सांगा. फादर पुढच्या महिन्यात पुण्याला येणार आहेत आणि साताऱ्याला यायला तयार आहेत. बाबा, तुम्हाला विचारायचं ते सगळं त्यांना विचारा, मुलांच्या वचनाबद्दल तर नक्की विचारा, मी मध्ये बोलणार नाही. कोणता रविवार जमेल ते कळवा.

तुमची
लेक