दोन विक्रेते आणि शंभर पानांचा दर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अग्रलेखातील एक विधान वाचून राहवले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. बाजारात दोनच विक्रेते असले की दर मक्तेदारीच्या आसपासच राहतात आणि ते खाली यायला निदान पाच-सहा विक्रेते लागतात, असे आपण ठामपणे लिहिले आहे. माल अगदी एकसारखा असेल आणि दोघे दरावरच झुंजत असतील, तर हे खरे नाही. ते किती खरे नाही, हे मी सांगलीत एका महाविद्यालयासमोर तीन वर्षे झेरॉक्सचे दुकान चालवून स्वतःच्या पैशाने शिकलो आहे.

माझ्या दुकानासमोर, रस्ता ओलांडला की दुसरे दुकान होते. दोघांकडची यंत्रे एकाच प्रकारची होती आणि कागदही एकाच घाऊक विक्रेत्याकडून येत असे. प्रत हातात घेऊन ती कोणत्या दुकानातली, हे विद्यार्थ्याला सांगता आले नसते. साहजिकच जिथे दर कमी तिथे सगळी गर्दी, आणि दर सारखे असतील तर निम्मी इकडे, निम्मी तिकडे.

एक जादा पान काढायला मला काय पडत होते, ते सांगतो. ५०० कागदांची रीम १६५ रुपयांना, म्हणजे पानाला ३३ पैसे. टोनरचे १२, ड्रम आणि सुट्या भागांच्या झिजेचे ३ आणि विजेचे २ पैसे. एकूण ५० पैसे, शंभर पानांना ५० रुपये. अर्थशास्त्रात यालाच सीमांत खर्च म्हणतात. दुकानाचे ६,५०० रुपये भाडे आणि यंत्राचा ७,२०० रुपयांचा हप्ता यात येत नाही, कारण एकही पान काढले नाही तरी ते द्यावेच लागत होते.

सुरुवातीला दोघांचाही दर शंभर पानांना १०० रुपये होता. दिवसाला साधारण ६,००० पानांचे काम होते, म्हणजे माझ्या वाट्याला तीस शेकडे आणि प्रत्येकामागे ५० रुपये, असे रोजचे १,५०० रुपये सुटत. एका सोमवारी समोरच्या पाटीवर ९५ लागले. हिशेब उघड होता : साठही शेकडे त्याच्याकडे गेले तर प्रत्येकी ४५ रुपये धरून त्याला २,७०० रुपये मिळणार आणि मला शून्य. मी १०० वर अडून राहिलो असतो तर रिकामा बसलो असतो. म्हणून मी ९० केले, कारण ९० ला सगळे काम माझ्याकडे आले तर २,४०० रुपये होत होते. मग तो ८५ वर आला. पुढे काय झाले ते वाचकांना सांगायला नको.

महत्त्वाची गोष्ट ही की, वाटेत कोणत्याही दरावर थांबणे दोघांपैकी एकाच्याही हिताचे नव्हते. दोघेही ६० वर असताना प्रत्येकाला ३०० रुपये मिळत होते, पण जो एक रुपया उतरून ५९ वर जाईल त्याला ५४० मिळणार होते. दोघे ५५ वर असताना १५० रुपये, आणि ५४ वर जाणाऱ्याला २४०. उतरण्याचा हा मोह ५२ च्या आसपास संपतो. ५१ ला रोजचे तीस रुपये राहतात आणि ५० ला काहीच राहत नाही. ५० च्या खाली गेलो असतो तर सगळी गर्दी माझ्याकडे आली असती आणि प्रत्येक पानागणिक माझे पैसे गेले असते. ५१ च्या वर एकट्याने गेलो असतो तर कोणी फिरकले नसते. म्हणून आम्ही ५१ वरच थांबलो. सहा विक्रेते असते तरी दर याहून खाली गेला नसता. त्यासाठी दोघेच पुरे झाले.

हे तर्कशास्त्र माझे नाही. फ्रान्समध्ये १८३८ साली अर्थशास्त्रज्ञ कूर्नो यांनी खनिज पाण्याच्या दोन झऱ्यांच्या मालकांचे उदाहरण घेऊन, ते किती पाणी विकायचे ते ठरवतात आणि दर मक्तेदारीचा दर आणि सीमांत खर्च यांच्या मधेच कुठेतरी स्थिरावतो, असे मांडले होते. त्यावर १८८३ साली गणिती जोसेफ बर्त्राँ यांनी आक्षेप घेतला की मालक दर ठरवू लागले तर प्रत्येक जण दुसऱ्याखाली उतरेल आणि ही घसरण मधे कुठेच अडणार नाही. आपला अग्रलेख कूर्नोंच्या निष्कर्षाजवळ जातो, पण उदाहरणे दर कापणाऱ्यांची देतो. तिथेच त्याची गफलत झाली आहे.

आपण म्हणाल, दोघांनी समजुतीने घ्यायला हवे होते. मीच त्याच्याकडे चहा घ्यायला गेलो होतो. दोघांनीही पुन्हा १०० ची पाटी लावायची असे ठरले. नवव्या दिवशी मला कळले की एका खासगी क्लासचे गठ्ठ्याचे काम तो गुपचूप ८० ने घेत होता. त्याचा मला फार राग आला आणि आजही येतो, पण ८० च्या दरात त्याला शंभरामागे ३० रुपये सुटत होते आणि ते काम एरवी माझ्याकडे आले असते, हेही मला दिसते. पाटीवरचा दर दोघांना दिसत होता, गठ्ठ्याचा दिसत नव्हता, म्हणून तो करार तिथेच फुटला. आपसात दर ठरवण्याला २००२ च्या स्पर्धा कायद्याने मनाई आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

या नियमाला मर्यादा आहे, तीही मी पाहिली. एरवी एकच यंत्र चार तासांत दिवसाचे सगळे काम उरकू शकत असे, म्हणून स्वस्त दुकान सगळी गर्दी ओढून घेई. परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यात मात्र काम दिवसाला २०,००० पानांवर जाई. दिवसभर चालवूनही एका यंत्रावर १२,००० च्या पुढे पाने निघत नसत, कागद अडकायचा तो वेगळाच. तेव्हा स्वस्त दुकानासमोर रांग लागे आणि उरलेली मुले निमूटपणे ९० रुपये मोजत. क्षमता अपुरी पडली की बर्त्राँ यांचा निष्कर्ष टिकत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ एजवर्थ यांनी १८९७ साली दाखवले होते. अग्रलेखाला आक्षेपच घ्यायचा होता, तर तो इथे घेता आला असता.

५१ रुपयांच्या दरात माझे महिन्याला आठशे रुपयेही सुटत नव्हते, आणि भाडे व हप्ता मिळून १३,७०० रुपये द्यायचे होते. त्याचे दुकान स्वतःच्या मालकीचे होते. त्यामुळे दर काय राहील हे ठरले नाही, कोण टिकेल हे ठरले. मी २०१४ च्या जूनमध्ये शटर ओढले. आठवड्याभरात समोरच्या पाटीवर पुन्हा १०० आले. दोनचा एक झाल्यावर काय होते, याचा अग्रलेखात एका ओळीनेही उल्लेख नाही, याचे मला वाईट वाटले.

आणखी एक तक्रार. अग्रलेखात दोन ठिकाणी सीमांत खर्चाला ‘किरकोळ खर्च’ म्हटले आहे. किरकोळ म्हणजे क्षुल्लक. शेवटच्या एका पानाचे पन्नास पैसे क्षुल्लक नसतात, सगळा दर त्यांच्यावरच येऊन थांबतो. उद्याच्या अंकात ही दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक, सांगली