साडेसात हजारांचं पत्र

निपाणी,
रविवार, रात्री

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

घरमालकाने ठेवीतले पैसे कापले म्हणून त्याला लिहिलेल्या पत्राचा, संध्याकाळी पाठवलेला तुझा मसुदा दोनदा वाचला. एकदा बाप म्हणून आणि एकदा चिकोडीच्या कचेरीसमोर तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहून दिलेला माणूस म्हणून. बाप म्हणून वाचताना वाटलं, रात्रीच्या गाडीने बेंगळूर गाठावं आणि त्या घरमालकाच्या दारात जाऊन उभं राहावं. दुसऱ्यांदा मात्र पेन्सिल घेऊन वाचला, म्हणून हे लिहितोय.

तू फक्त इंग्रजी तपासायला सांगितलंस. इंग्रजी चांगलं आहे. पण आज रात्री तो पाठवू नकोस. उद्या सकाळी पाठवायचा आणि तोही चार पानांचा नाही, आठ-दहा ओळींचा. का ते सांगतो.

कचेरीसमोर बसायचो तेव्हा माझी एक सवय होती. कुणी रागाने घडाघडा सांगायला लागला की मी कच्चं लिहून घ्यायचो आणि मग प्रत्येक वाक्यापुढे खूण करायचो. काय घडलं याला एक रेघ, मला काय पाहिजे याला दोन रेघा, आणि समोरचा माणूस कसा आहे याला फुली. तुझ्या मसुद्यावर आज तेच केलं. एकूण ४३ वाक्यं. एका रेघेची ७, दोन रेघांचं १, बाकी ३५ फुल्या. ते दोन रेघांचं एकुलतं एक वाक्य तिसऱ्या पानाच्या तळाला आहे. तिथपर्यंत तो माणूस वाचेल कशाला, बाळा?

फुल्यांची वाक्यं खोटी आहेत असं नाही. दोन वर्षं तू वेळेवर भाडं भरलंस, आजारपणातही भरलंस, आणि त्याने तुला फसवलं याचं दुःख खरं आहे. अडचण अशी की चार पानांचं पत्र मिळालं की कशाला उत्तर द्यायचं ते तो निवडतो, आणि त्यातलं सगळ्यात कच्चं वाक्य नेमकं उचलतो. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, माझ्या हातून घडलेलं आहे.

मी नवीनच बसायला लागलो होतो. एक शेतकरी आला. त्याचा ४१ टन ऊस गाळपाला जाऊन चार महिने झाले होते आणि कारखाना बिल देत नव्हता. तो रडकुंडीला आलेला, मी तरुण, मलाही चीड आली. मी दोन पानी अर्ज लिहिला. त्यात बिलाची थकबाकी होती, आणि 'आमच्या घामाच्या पैशावर तुमच्या मुलांच्या गाड्या उडतात' असंही होतं. ते वाक्य माझं होतं, त्याचं नव्हतं. लिहून झाल्यावर मी ते त्याला दोनदा वाचून दाखवलं, इतकं मला आवडलं होतं. महिन्याभराने उत्तर आलं ते वकिलाचं, आणि ते फक्त त्या गाड्यांच्या वाक्याला होतं. पदाधिकाऱ्यांची बदनामी केली, लेखी माफी मागा. उसाच्या बिलाबद्दल अक्षर नाही. तो बिचारा माझ्यासमोर कागद धरून उभा राहिला आणि मला त्याच्या डोळ्यांकडे बघवेना.

मग दुसरा अर्ज लिहिला. वजनकाट्याच्या पावत्यांचे नंबर, तारखा, टन. आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज लागतं, तेवढंच. अर्ध्या पानाचा अर्ज. त्याला उत्तर द्यायचं तर बिलाबद्दलच द्यावं लागणार होतं, दुसरं काही त्यात नव्हतंच. पैसे दोन हप्त्यांत आले. व्याज आलं नाही, ते नाहीच आलं. पण पहिल्या अर्जाने जे महिने घालवले ते माझ्यामुळे गेले, हे मी अजून विसरलेलो नाही.

आता तुझं बघ. ठेव ६०,०००. परत आले ३७,५००. कापले २२,५००. तू मागतेस पूर्ण २२,५००. मी कपाटातून तुझ्या करारनाम्याची झेरॉक्स काढली. त्यात नववं कलम आहे: घर सोडताना रंगकामापोटी एक महिन्याचं भाडं ठेवीतून वजा होईल. तुझं भाडं १५,०००. म्हणजे रंगाचे १५,००० तू सहीनिशी मान्य केलेले आहेत. भिंती स्वच्छ होत्या, हे खरं असेल, पण सही सही असते. उरले नळाचे ३,५०० आणि 'सफाई व इतर' म्हणून ४,०००. नळ भिंतीच्या आतून गळत होता आणि ते तू जूनमध्येच फोटोसकट त्याला कळवलं होतंस. ते काम मालकाचं. आणि 'इतर' म्हणजे काय, याचं बिल त्याने दिलेलंच नाही. म्हणजे तुझं पक्कं भांडण ७,५०० चं आहे. हा मसुदा आज गेला असता तर उद्या त्याचं एका ओळीचं उत्तर आलं असतं: नववं कलम वाचा. नळाचा विषय तिथेच मेला असता. करारनामा तुझ्याकडेही आहे. पण राग असताना माणूस कपाट उघडत नाही, त्याला सगळं पाठ आहे असंच वाटत असतं. रात्र मधे जाऊ द्यायची ती एवढ्यासाठी.

एक रात्र थांबल्याने तुझं जाणारही काही नाही. अशा पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. थांबू नये अशा वेळा वेगळ्या. त्याने तुला चेक दिला असता आणि तो परत आला असता, तर बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेलीच पाहिजे. तो तिसावा दिवस असता तर मी म्हणालो असतो, रात्रीच्या रात्री पाठव, राग उतरो न उतरो. फक्त चेकचा नंबर, रक्कम, तारीख आणि मागणी ठेव, बाकी सगळं काढ. मुदत संपत असेल तर थांबायचं नाही, कापायचं. तुझ्यापुढे तशी मुदत नाही.

आणखी दोन गोष्टी, त्या मला सगळ्यात जास्त खटकल्या. त्या पत्राच्या प्रती तू सोसायटीच्या सेक्रेटरीला आणि घरमालकाच्या ऑफिसात पाठवणार आहेस. पत्र फक्त त्याला गेलं तर ते तुमच्या दोघांतलं राहतं. 'चोर' हा शब्द तिसऱ्या माणसाने वाचला की अब्रूनुकसानीचा विषय होतो, आणि मग तो चोर आहे हे सिद्ध करायची वेळ तुझ्यावर येते, ७,५०० रुपये बाजूला राहून. प्रती काढून टाक.

दुसरी गोष्ट, दुसऱ्या पानावरचं 'तुम्ही लोक असेच'. पोरी, आपण सीमाभागातली माणसं. 'तुम्ही लोक' ऐकत आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या, तो शब्द कुठे लागतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. घर एका माणसाचं होतं, पैसे एका माणसाने कापले. वरच्या मजल्यावरच्या अक्कांनी तुला तापात आठ दिवस पेज करून दिली, त्याही कानडीच की. ते वाक्य उद्या सकाळची वाट न बघता आत्ताच खोड.

लिहून टाकलं की राग उतरतो म्हणतात. माझ्यासमोर तसं फार कमी वेळा झालं. सांगता सांगता माणूस जास्त तापायचा, मागच्या दहा वर्षांचं काढायचा. मात्र एक गोष्ट नेहमी व्हायची. अर्जदार मराठीत बोलायचा आणि मला अर्ज कानडीत लिहायला लागायचा. शिवीला, टोमण्याला कानडी शब्द शोधता शोधता मीच थबकायचो. 'नाकाने कांदे सोलतो' हे मामलेदाराला कानडीत कसं सांगणार? ते गळून जायचं. तारीख, गट नंबर आणि रक्कम मात्र तशीच्या तशी पलीकडे जायची. तुझं शाळेतलं कानडी अजून चांगलं आहे. उद्या सकाळी चहा झाला की तो मसुदा तोंडाने कानडीत सांगून बघ. जे सांगता येणार नाही ते बहुतेक फुलीचंच निघेल.

कापायची सवय मला पुढे माहिती अधिकाराच्या अर्जांनी आणखी लावली. २००८ पासून आपल्या कर्नाटकात तो अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा असा नियम आहे. लोक चिडायचे, एवढ्यात आमचं दुःख कसं मावणार म्हणायचे. दुःख मावत नाही, पण प्रश्न मावतो.

तुझं पत्र मी असं केलंय, इंग्रजी तू कर:

'आपण ठेवीतून २२,५०० रुपये वजा केले. त्यातले रंगकामाचे १५,००० करारनाम्याच्या कलम ९ प्रमाणे मला मान्य आहेत. नळदुरुस्तीचे ३,५०० मान्य नाहीत. गळती भिंतीच्या आतल्या पाइपची होती आणि ती मी जूनमध्ये फोटोसह आपल्याला कळवली होती, तो संदेश सोबत जोडला आहे. सफाई व इतर या नावाखालचे ४,००० कशाचे, याचे बिल मला मिळालेले नाही. बिल असल्यास पाठवावे. नसल्यास ते ४,००० आणि नळाचे ३,५०० असे एकूण ७,५०० रुपये १५ दिवसांत माझ्या खात्यात जमा करावेत.'

यात रंगाचे पैसे आपण आपणहून मान्य केले ते तुला बोचेल. राहू दे ते तसंच. ज्याने आपली बाजू कुठे संपते ते स्वतः सांगितलं, त्याच्या उरलेल्या मागणीला नाही म्हणणं जड जातं. 'कृपया'ची माळ लावू नकोस आणि 'नाहीतर कोर्टात खेचीन' हेही नको. कोर्टात जायचं ठरलं तर तेव्हा कळवता येईल, पोकळ धमकी तो ओळखेल.

जुना मसुदा पुसू नकोस, पण त्यावरचा त्याचा पत्ता आत्ता काढून टाक. जीमेलमध्ये गेलेलं पत्र मागे घ्यायला जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात, आणि रात्री साडेअकराला झोपेच्या डोळ्यांनी ३० सेकंद कधी गेले ते कळत नाही. सकाळी उठून वाचताना एखादं वाक्य वाचून तुला मनातून बरं वाटलं, 'कसं बोलले' असं वाटलं, तर ते तपास. माझं गाड्यांचं वाक्य तसंच होतं. आणि सकाळीही नवीन वाक्यं सुचत राहिली तर अजून एक दिवस थांब.

नळाच्या फोटोचा जूनमधला संदेश फोनमध्ये आहे ना, ते आधी बघ. फोन बदललास तेव्हा जुनं सगळं आलं होतं का, मला आठवत नाही. नसेल तर दुरुस्तीवाल्याला तू केलेला फोन, त्याने दिलेली चिठ्ठी, काहीतरी शोधायला लागेल, आणि मग ३,५०० चं वाक्य बदलावं लागेल. मी साडेपाचला उठतो. दूधवाला येऊन गेला की फोन कर, दोघं मिळून एकदा मोठ्याने वाचू.

तुझा,
अप्पा