आजीच्या डोक्याला चार सेंटिमीटर

प्रिय काकू,

लेकीने पेन्सिलने काढलेल्या आजीच्या चित्राचा फोटो पाठवला, तेव्हा फार तर ‘छान’ असं उत्तर येईल, असं वाटलं होतं. तुम्ही विचारलंत, “कागद टेबलावर होता ना?” कागदाची वरची कड खालच्या कडेपेक्षा अरुंद दिसत होती, त्यावरून तुम्ही ओळखलंत. असा तिरका फोटो काढला की लांबचा भाग दबतो, आणि लांब होतं नेमकं आजीचं कपाळ. ते बुटकं लेकीने काढलं की माझ्या मोबाइलने केलं, हे आधी ठरायला हवं होतं.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे कागद भिंतीला चिकटवला, मोबाइल बरोबर मध्यासमोर धरला आणि जरा मागे सरकून फोटो काढला. ए-फोर कागदाची उंची रुंदीच्या सुमारे १.४ पट असते. फोटोतही तेवढी आली. कपाळ थोडं सुधारलं, पण बुटकंच राहिलं.

मग पट्टीचा खेळ. टाळू ते हनुवटी एवढी कागदाची पट्टी कापायची आणि मधोमध दुमडायची. चेहरा समोर बघत असेल, तर घडी डोळ्यांच्या रेषेवर यायला हवी. टाळू म्हणजे कवटीचा माथा, फुगलेले केस नव्हेत. आजी केस चापून बसवते म्हणून हे सोपं गेलं. चित्रातलं डोकं १६ सेंटिमीटर होतं आणि डोळे माथ्यापासून सहावरच! नवशिके बहुतेक असंच करतात, तुम्ही म्हणालात. लक्ष डोळे-नाक-ओठांवर असतं, वरचा भाग रिकामा वाटतो आणि हात तो आखडता घेतो.

लेक लगेच खोडरबर घेऊन डोळ्यांवर धावली. तिला तुम्ही थांबवलंत, त्याबद्दल खरे आभार. भुवईपासून नाकाच्या तळापर्यंत आणि तिथून हनुवटीपर्यंतचं अंतर सारखं भरत होतं, म्हणजे चेहरा बरोबर होता, चूक फक्त कवटीची. डोळ्यांखाली दहा, तर वरही दहा हवेत. माथा चार सेंटिमीटर वर नेला (कागदावर जेमतेम जागा होती), त्याबरोबर केसांची रेघ सरकवली. कान मात्र भुवई आणि नाकाचा तळ यांच्यामध्येच राहिले. डोळ्यांना हात न लावता चपटी बाई एकदम आमची आजी झाली. इंदूरच्या ज्या कलाशाळेत देवळालीकर गुरुजींकडे चित्रकार बेंद्रे शिकले, तिथल्या तुम्ही विद्यार्थिनी. तरी एका पोरीच्या चित्रासाठी एवढा वेळ दिलात!

आता नवी अडचण. आजी म्हणते, पुढच्या चित्रात कवळी काढून बसणार. तुम्हीच म्हणाला होता की दात नसले की हनुवटी वर येते आणि डोळे घडीच्या खाली जातात. तेव्हा तिथे पट्टी सोडून कशावर भरवसा ठेवायचा, ते दाखवायला रविवारी याच. पोहे-जलेबी आमच्याकडून.

तुमची,
खालच्या मजल्यावरची सून