किराण्याला चालणारे कार्ड परदेशी वर्गणीला का अडते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुकानात, पेट्रोल पंपावर, ऑनलाइन कपडे मागवताना कार्ड बिनतक्रार चालते. मग एखाद्या परदेशी कंपनीची महिन्याची वर्गणी भरताना तेच कार्ड का नाकारले जाते, हा प्रश्न हल्ली घरोघरी ऐकू येतो. चित्रकलेचे सॉफ्टवेअर, फोटो साठवण्याची जागा, मुलांच्या अभ्यासाचे ॲप अशा अनेक गोष्टींचे पैसे आता दर महिन्याला परदेशात जातात. मी बँकेच्या कार्ड विभागात नोकरी करून निवृत्त झालो. या प्रश्नावर शाखेत बहुधा चुकीचे उत्तर मिळते, म्हणून हे पत्र.

चुकीचे उत्तर म्हणजे "कार्ड खराब झाले असेल, नवीन घ्या." नवीन कार्डाने हा प्रश्न सुटत तर नाहीच, उलट वाढू शकतो. रिझर्व्ह बँकेने 15 जानेवारी 2020 रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार कोणतेही कार्ड नव्याने किंवा बदलून दिले, तर ते फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालेल अशाच अवस्थेत द्यायचे असते. ऑनलाइन खरेदी, टॅप करून पैसे देणे आणि परदेशी व्यवहार हे तिन्ही बंद असतात. ग्राहकाने आपल्या हाताने ते चालू करायचे. हा नियम 1 ऑक्टोबर 2020 पासून लागू आहे. त्याआधीची जी कार्डे परदेशी व्यवहारासाठी कधीच वापरली नव्हती, त्यांचीही ती सोय बंद करायची होती. म्हणजे कार्ड धडधाकट असते, फक्त त्याचे एक बटण बंद असते.

इथे लोकांचा एक गैरसमज होतो. वेबसाइटवर किंमत रुपयांत दिसते, म्हणून व्यवहार देशातला आहे असे वाटते. चलन कोणते, यावर ते ठरत नाही. पैसे स्वीकारणारा व्यापारी आणि त्याची बँक कोणत्या देशात नोंदलेली आहे, यावर ठरते. कंपनी आयर्लंडमध्ये किंवा सिंगापूरमध्ये नोंदलेली असेल तर 499 रुपयांची वर्गणीसुद्धा बँकेच्या लेखी परदेशी व्यवहार असतो. अशा रुपयांतल्या व्यवहारावरही काही बँका वेगळे शुल्क लावतात, ते पुढच्या स्टेटमेंटमध्ये दिसते.

माझ्या भाचीचे उदाहरण देतो. ती साताऱ्याला पुस्तकांची चित्रे काढते. तिला एका परदेशी कंपनीचे सॉफ्टवेअर महिना 20 डॉलर भरून हवे होते. कार्ड तिच्या बँकेचे डेबिट कार्ड, त्यावरून रोजची ऑनलाइन खरेदी होते. पैसे भरताना वेबसाइट एवढेच सांगत होती की तुमचे कार्ड स्वीकारले गेले नाही. मी आधी तिला कार्डाचा पुढचा भाग बघायला सांगितले. साधे रुपे कार्ड असेल तर ते परदेशी वेबसाइटवर चालत नाही, रुपे ग्लोबल असेल तरच काही ठिकाणी चालते. तिचे कार्ड व्हिसाचे होते, तेव्हा ती शंका मिटली.

मग बँकेचे ॲप उघडले. कार्डाच्या सेटिंगमध्ये देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय असे दोन भाग होते. आंतरराष्ट्रीय भागाचे बटण तिने पूर्वी कधीतरी चालू केलेले होते, त्यामुळे ती म्हणत होती, "मामा, हे तर चालूच आहे." पण त्या भागाच्या आत पुन्हा एटीएम, दुकानातले मशीन आणि ऑनलाइन अशी वेगवेगळी बटणे होती आणि त्यातले ऑनलाइनचे बंद होते. ते चालू केल्यावरही पैसे गेले नाहीत, कारण त्याच्याखाली रोजच्या मर्यादेची पट्टी शून्यावर होती. बटण चालू आणि मर्यादा शून्य, म्हणजे व्यवहार नाहीच. मी तिला मर्यादा 3,000 रुपये ठेवायला सांगितली. हिशोब सोपा आहे. डॉलर 85 रुपये धरला तर 20 डॉलरचे 1,700 रुपये होतात. त्यावर बँकेचे परकीय चलनाचे शुल्क साडेतीन टक्के धरले तर 59 रुपये 50 पैसे, आणि त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटीचे 10 रुपये 71 पैसे. एकूण 1,770 च्या आसपास. 3,000 ची मर्यादा पुरेशी, आणि कार्डाचा तपशील कुणाच्या हाती लागला तरी परदेशी वेबसाइटवरून एका दिवसात तेवढेच जाऊ शकते.

ही मर्यादा हवी, कारण देशातल्या ऑनलाइन खरेदीला ओटीपी लागतो, पण परदेशी व्यापाऱ्यावर तसे बंधन नसते. कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावरही तो पैसे मागू शकतो. बँका परदेशी व्यवहाराकडे जास्त संशयाने बघतात त्याचे मूळ इथेच आहे. आणि म्हणूनच कार्ड नाकारले गेल्यावर लोक जे करतात, म्हणजे लागोपाठ पुन्हा पुन्हा प्रयत्न करणे किंवा आकडे बदलून बघणे, ते घातक ठरते. चोराने चोरलेल्या कार्डाची चाचणी घ्यावी तसेच बँकेच्या यंत्रणेला ते दिसते आणि मग बटण चालू असले तरी ती व्यवहार रोखते. तसे झाले तर बँकेच्या ग्राहक सेवेला फोन करून "हा व्यवहार मीच करत होतो" असे सांगून ती बंदी उठवून घ्यावी लागते. पुढे प्रयत्न करत राहून काही होत नाही. फुकट चाचणी कालावधी असला तरी कार्ड नाकारले जाते, याचेही लोकांना नवल वाटते. काही कंपन्या त्या वेळी कार्ड खरे आहे का हे बघायला एखाद्या डॉलरची विचारणा करतात आणि मग सोडून देतात. बटण बंद असेल तर तो एक डॉलरही नाकारला जातो.

भाचीचे पहिल्या महिन्याचे पैसे ओटीपी येऊन व्यवस्थित गेले. दुसऱ्या महिन्यात मात्र कंपनीचे पत्र आले की वसुली झाली नाही. सेटिंग तेच, खात्यात पैसेही होते. हे अडण्याचे कारण वेगळेच असते आणि ते शाखेतल्या माणसांनाही सहसा ठाऊक नसते. आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांसाठी रिझर्व्ह बँकेचा ई-मँडेटचा नियम 1 ऑक्टोबर 2021 पासून सक्तीचा झाला, देशातल्या आणि परदेशी दोन्ही व्यवहारांना. पहिल्यांदा ओटीपी देऊन तुमची संमती नोंदवायची, प्रत्येक वसुलीच्या किमान 24 तास आधी बँकेने तुम्हाला सूचना पाठवायची, आणि 15,000 रुपयांपर्यंतची वसुली मग ओटीपीशिवाय होते. त्याहून मोठ्या रकमेला दर वेळी ओटीपी द्यावा लागतो. वर्षाचे 200 डॉलर एकदम भरायचे ठरवले तर 17,000 होतात, म्हणजे पुढच्या वर्षी ते गुपचूप कापले जाणार नाहीत.

अडचण अशी की भारतीय कार्डांची ही नोंद करण्याची सोय प्रत्येक परदेशी कंपनीकडे नसते. नोंद नसताना पहिला व्यवहार साध्या खरेदीसारखा पार पडतो, पण दुसऱ्या महिन्यात ग्राहक समोर नसताना कंपनी पैसे मागते तेव्हा बँक नोंद शोधते, ती सापडत नाही आणि व्यवहार नाकारला जातो. ॲपलसारख्या मोठ्या कंपनीनेही 2022 मध्ये भारतीय कार्डे स्वीकारणे थांबवले होते.

नोंद झाली आहे की नाही हे ओळखता येते. पहिल्या वेळी ओटीपीच्या पानावर रकमेबरोबर कमाल मर्यादा आणि किती काळासाठी हे दाखवले जाते, आणि नंतर ॲपच्या स्थायी सूचनांच्या यादीत ती नोंद दिसते. वसुलीच्या आदल्या दिवशी संदेश आला नाही तर ती झालेली नाही, असे धरून चालावे. नोंद असूनही अडले तर कंपनीने वर्गणी वाढवून ती कमाल मर्यादेच्या वर नेली आहे का ते बघावे, मग जुनी नोंद रद्द करून नवी करावी लागते. भाचीच्या कंपनीकडे ही सोय नव्हती. तिने आपोआप वसुली बंद करून दर महिन्याला हाताने पैसे भरायचा पर्याय घेतला. त्या दिवशी ॲपमध्ये बटण चालू करायचे आणि पैसे गेले की बंद करायचे. नोंद असलेल्यांनी मात्र असे बंद करू नये, कारण मग बहुतांशी पुढची वसुलीही अडते.

हे सगळे एका गृहिणीला किंवा विद्यार्थ्याला कळावे अशी अपेक्षा कशी करायची? बँकेला नकार कशामुळे दिला ते ठाऊक असते. व्यवहार नाकारताना तिची यंत्रणा एक सांकेतिक क्रमांक पाठवते. खात्यात पैसे नाहीत तर 51, या कार्डाला हा व्यवहार करण्याची परवानगी नाही तर 57, कार्डाची मुदत संपली तर 54. त्याशिवाय 05 हा क्रमांक आहे, त्याचा अर्थ फक्त "नाकारले". अनेक बँका खरे कारण बाजूला ठेवून हाच पाठवतात, आणि वेबसाइटही ग्राहकाला "दुसरे कार्ड वापरा" एवढेच सांगते.

बँकांकडे माझी मागणी आहे ती अशी. परदेशी व्यवहार नाकारला की ग्राहकाला त्याच क्षणी मराठीत संदेश जावा आणि त्यात चारपैकी नेमके कारण असावे: आंतरराष्ट्रीय ऑनलाइन सोय बंद आहे, मर्यादा कमी आहे, ई-मँडेटची नोंद नाही, की संशयावरून रोखले आहे. बटणाचे कारण असेल तर त्या सेटिंगचा रस्ताही त्याच संदेशात द्यावा. शाखेतल्या कर्मचाऱ्यांना नवे कार्ड देण्याआधी हे चार प्रश्न तपासायला सांगावेत. आणि बँकेने फसवणुकीच्या शंकेने रोखले असेल तर परत बोलायला एक क्रमांक द्यावा, ज्यावर माणूस उचलतो.

आपला,
बँकेच्या कार्ड विभागातील एक निवृत्त कर्मचारी, सातारा