रिंग बदलूनही गळणाऱ्या स्टीलच्या डब्याबाबत तक्रार

दिनांक : १२ जानेवारी २०२६

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : दोन क्लिपांचा चौकोनी स्टीलचा डबा झाकणातून गळत असल्याबाबत व क्लिपेतील दोष दूर करून मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीचा वरील डबा मी ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन विकत घेतला असून त्यावर एक वर्षाची हमी आहे. बिलाची प्रत सोबत जोडली आहे. मी शिक्षिका असून चिपळूणहून सावर्ड्याला रोज एसटीने जाते. गर्दीत पिशवी मांडीवर आडवी धरावी लागते, म्हणून आडवा झाला तरी गळणार नाही असा डबा मला हवा होता आणि आपल्या जाहिरातीत तसे स्पष्ट लिहिलेले होते.

पहिले दीड-दोन महिने काहीही तक्रार नव्हती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मात्र डब्यातली आमटी पिशवीत उतरली आणि सातवीच्या मुलांच्या तपासायला आणलेल्या उत्तरपत्रिकांचा अर्धा गठ्ठा पिवळा झाला. हळदीचे डाग कागदावरून जात नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांच्या हातात त्या उत्तरपत्रिका देताना मला जे वाटले, त्यामुळेच मी हे पत्र इतके सविस्तर लिहीत आहे.

आपल्या ग्राहक सेवा केंद्राला फोन केला असता, डबा तपासण्यासाठी न मागवता, "मॅडम, रिंग सैल झाली असेल, नवीन मागवा," असे सांगण्यात आले. त्याप्रमाणे मी १२० रुपये आणि कुरिअरचे ६० रुपये भरून नवीन सिलिकॉनची रिंग मागवली. जुनी रिंग खराब झाली होती, हे मला मान्य आहे. चमच्याच्या दांड्याने ती झाकणाच्या खाचेतून उचलून काढली तेव्हा खाचेत तेलाचा पिवळा, चिकट थर सापडला आणि नव्या रिंगेशेजारी ठेवल्यावर जुनी रिंग सुमारे अर्ध्या सेंटिमीटरने मोठी भरली. रोजच्या तेलाने सिलिकॉन हळूहळू फुगते, खाचेत नीट मावत नाही आणि कोपऱ्यांशी त्याची लाट उभी राहते, हे मला त्या वेळी पाहायला मिळाले. म्हणून खाच जुन्या दातब्रशने साबणाच्या कोमट पाण्यात घासून पूर्ण कोरडी केली. मग नव्या रिंगेची सपाट बाजू आत आणि पातळ ओठ डब्याकडे ठेवून ती बसवली. एका टोकापासून ओढत नेल्यास रिंग ताणली जाते, म्हणून आधी चारही कोपरे दाबले आणि मग मधल्या बाजू.

इतके करूनही डबा गळतच राहिला, आणि तोही त्याच ठिकाणी, म्हणजे उजव्या क्लिपेच्या बाजूने. तेव्हा दोष नेमका कोठे आहे हे शोधण्यासाठी एका रविवारी मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर पुढील तपासणी केली.

डब्यात दोन तृतीयांश थंड पाणी भरून, काठ फडक्याने कोरडा करून आणि दोन्ही क्लिपा लावून मी डबा वर्तमानपत्रावर चारही बाजूंनी दहा-दहा मिनिटे आडवा ठेवला. तीन बाजू शेवटपर्यंत कोरड्या राहिल्या. उजवी क्लिप खाली असताना मात्र दोन मिनिटांतच कागदावर रुपयाएवढा ओला डाग पडला आणि तो पसरत गेला. गरम जेवणाची वाफ कोंडून रस्सा बाहेर ढकलला जातो, असे आपल्या प्रतिनिधींनी नंतरच्या फोनवर सांगितले होते. गरम पदार्थाच्या बाबतीत तसे होऊही शकते, परंतु ही चाचणी थंड पाण्याची असल्याने ते कारण येथे लागू होत नाही.

त्यानंतर मी रिंग खाचेत अर्धा फेरा फिरवून बसवली. गळतीची जागा बदलली नाही, म्हणजे दोष रिंगेत नव्हता. मग झाकणच उलट दिशेने, म्हणजे डावी बाजू उजवीकडे करून लावले. तरीही गळती डब्याच्या त्याच बाजूला राहिली, म्हणजे दोष झाकणातही नव्हता. डब्याचा काठ वाकला आहे का हे पाहण्यासाठी रिकामा डबा गुळगुळीत ग्रॅनाइटवर पालथा घातला, तर तो कोठेही डगमगला नाही आणि काठाखाली फट दिसली नाही. त्यामुळे उरली ती क्लिप.

क्लिप पाहण्याची सोपी रीत अशी की, बोटभर रुंदीची कागदाची पट्टी रिंग आणि डब्याचा काठ यांच्यामध्ये ठेवायची, क्लिपा लावायच्या आणि पट्टी ओढून पाहायची. डाव्या क्लिपेपाशी पट्टी फाटली, पण निघाली नाही. उजव्या क्लिपेपाशी ती सहज सरकून हातात आली. डावी क्लिप लावताना अंगठ्याने जोर द्यावा लागतो आणि खट् असा आवाज येतो. उजवी करंगळीने लागते आणि आवाज येत नाही. मोजपट्टीने मोजल्यावर डाव्या क्लिपेतील तारेची कडी २२ मिलिमीटर, तर उजवीकडची २४ मिलिमीटर भरली. उजव्या कडीचे एक टोक खटक्याच्या भोकातून निम्मे बाहेर आले असून तार तेथे उघडली आहे, हे भिंगाशिवायही दिसते. या दोन मिलिमीटरमुळे झाकण त्या बाजूला पुरेसे खाली ओढले जात नाही, रिंग दाबली जात नाही, आणि रिंग कितीही नवी असली तरी दाबल्याशिवाय ती पाणी अडवू शकत नाही. खात्रीसाठी डबा उजव्या कुशीवर धरून झाकणाची ती बाजू अंगठ्याने घट्ट दाबली, तर गळणे थांबले. अंगठा काढताच थेंब पुन्हा सुरू झाले.

पकडीने ती तार वाकवून घेण्याचा सल्ला शेजाऱ्यांनी दिला होता. तथापि त्याने हमी जाईल आणि एकदा उघडलेली तार पुन्हा उघडेल, या विचाराने मी तिला हात लावलेला नाही. कडीचा जवळून घेतलेला फोटो आणि चाचणीचे दोन व्हिडिओ सोबत पाठवत आहे.

तरी माझी मागणी अशी आहे की, डबा बदलून द्यावा किंवा उजवी क्लिप कडीसह नवीन बसवून द्यावी, आणि दोष रिंगेपुरता नसतानाही केवळ रिंग घ्यायला लावल्याने खर्च झालेले १८० रुपये परत करावेत. मला आणखी एक रिंग पाठवू नये. आपल्या सेवा केंद्रातील मंडळींना, गळतीची तक्रार आल्यास रिंग विकण्याआधी ग्राहकाकडून कागदाच्या पट्टीने दोन्ही क्लिपा तपासून घ्याव्यात, अशी सूचना द्यावी. त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत.

या पत्राचे लेखी उत्तर १५ दिवसांत मिळावे. ते न मिळाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवीन आणि आवश्यक वाटल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. डबा तपासणीसाठी न्यायचा असल्यास शाळेच्या सुट्टीच्या दिवशी, रविवारी, कुरिअर पाठवावे.

आपली विश्वासू,
एक ग्राहक, चिपळूण

सोबत : बिलाची प्रत, रिंगेच्या खरेदीची पावती, फोटो व दोन व्हिडिओ