शेवटचं गाणं दुसऱ्या बाजूला

प्रिय अव्या,

पत्राला उशीर झाला त्याबद्दल तू शिव्या घालणार, त्या घालून घे आणि मग पुढे वाच. तब्येत ठीक आहे, गुडघा आहे तसाच आहे.

आपल्या रेकॉर्डची तबकडी कापणाऱ्या कटिंग इंजिनिअरने आपल्या फाइल्स परत पाठवल्यात. रागावून नव्हे, अगदी सभ्यपणे. त्याची तीन वाक्यं होती: पहिली बाजू 24 मिनिटांची आहे, बेस दोन्हीकडे पसरलाय, आणि शेवटच्या गाण्यातले ‘स’ सुई झेलणार नाही. हे नंदूला सांगितलं तर तो म्हणेल, मग सीडी काढा. म्हणून तुलाच लिहितोय.

आधी लांबीचं बघू, कारण बाकी सगळं तिथे येऊन अडतं. बारा इंची तबकडी मिनिटाला 33⅓ फेरे घेते. म्हणजे 24 मिनिटांना 800 फेरे झाले, आणि ते सगळे बसवायला बाहेरच्या कडेपासून आतपर्यंत जेमतेम 85 मिलिमीटर पट्टा मिळतो. एका फेऱ्याच्या वाट्याला सरासरी 0.106 मिलिमीटर. त्यातला निम्मा तर नुसत्या खाचेच्या रुंदीतच जातो. उरलेल्या जागेत खाच डावी-उजवीकडे डोलणार, आणि ते डोलणं म्हणजेच आपला आवाज. जास्त डोलली तर शेजारच्या खाचेला धडकते. मग इंजिनिअर काय करणार? आवाजाची पातळी खाली आणणार किंवा तळाचा बेस कापणार, बहुतेक दोन्ही. तीच बाजू 18 मिनिटांची केली तर फेरे 600 आणि वाट्याला 0.142 मिलिमीटर. खाचेची रुंदी तेवढीच राहते, त्यामुळे वाढलेली सगळी जागा डोलायला मिळते. कागदावर हा फरक चार डेसिबलच्या वर जातो. प्रत्यक्षात थोडा कमी धर, तरी ऐकणाऱ्याला तो कळतोच.

आता तुझा लाडका लिमिटर. तू म्हणशील, फाइलच आणखी मोठ्या आवाजाची करून पाठवू. अव्या, फाइलचा आकडा तिथे काही कामाचा नाही. किती आवाजात कापायचं ते तो त्याच्या बटणावर ठरवतो. उलट नुकसान होतं. कापणारं यंत्र पुढे काय येतंय ते आधी बघतं, हळू आवाजाच्या जागी खाचा जवळजवळ ओढून घेतं आणि मोठ्या आवाजाच्या जागी अंतर सोडतं. आपण सगळंच दाबून एका उंचीचं केलं तर त्याला जागा वाचवायला हळू जागाच उरत नाही. म्हणून आवाज चढवण्यासाठी लावलेला लिमिटर मी काढला. 24 बिटची फाइल, शिखरं पूर्ण पातळीच्या तीनेक डेसिबल खाली. ऐकायला मवाळ वाटते हे मान्य. दादा तर म्हणाले, ‘‘आता कुठे ड्रम श्वास घेतायत.’’ त्यांनी तुझं नाव घेतलं नाही, मी घेतलं.

बेसवरून आपलं भांडण झालं होतं ते आठवतंय? तू सिंथ बेसवर तो रुंद कोरस इफेक्ट टाकलास आणि मी दार आपटून गेलो. दार आपटल्याचं मला आजही काही वाटत नाही. गोष्ट अशी आहे की दोन्ही चॅनलमध्ये जे सारखं असतं ते सुईला आडवं हलवतं, आणि दोन्हींत जो फरक असतो तो तिला वर-खाली हलवतो. खालच्या सुरांत हालचाल मोठी असते. बेसमध्येच फरक असला तर कापणारी सुई कधी खोल घुसून खाच फुगवते, कधी इतकी वर येते की खाच नावापुरती उरते. मग घरी ऐकताना सुई तिथूनच उडी मारणार. इंजिनिअरकडे यावर फिल्टर असतो, साधारण 150 हर्ट्झच्या खालचं सगळं तो मोनो करतो. पण तो आंधळेपणाने मिसळतो. डावं आणि उजवं एकमेकांच्या उलट असेल तर मिसळताना ते एकमेकांना खाऊन टाकतात. मी एका चॅनलची पोलॅरिटी उलटी करून दोन्ही एकत्र वाजवले, म्हणजे नुसता फरक ऐकू येतो. तिथे बेस ऐकूच यायला नको होता. दुसऱ्या कडव्यात तो असा ढणढणत होता की खिडकी हलली. आणि साधं मोनोचं बटण दाबलं तर त्याच कडव्यात तळ गायब!

तुझा कोरस फेकून द्यावा लागणार नाही, घाबरू नकोस. बेसचा ट्रॅक दोन करायचा. 150 च्या खाली कोरा, मधोमध. वरच्या भागावर कोरस हवा तेवढा पसर. रुंदपणा कानाला वरच्या भागातूनच कळतो. त्यासाठी कोरसशिवायचा बेस मला पाठव. माझ्याकडे तुझा भिजवलेलाच आहे.

राहिला ‘स’. कापताना वरचे सूर मुद्दाम चढवतात, 10 किलोहर्ट्झला हजार हर्ट्झच्या तुलनेत जवळजवळ 14 डेसिबल, आणि ऐकताना प्रीअँप ते परत उतरवतो. त्यामुळे आपल्याला जरासा टोचणारा ‘स’ कापणाऱ्या यंत्राच्या कॉइलला तापवतो. आणि आत जाताना जागा आक्रसते. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण अर्धा मीटर सरकते, आतल्या टोकाला 21 सेंटिमीटर. सात किलोहर्ट्झच्या ‘स’ची एक लाट बाहेर 0.073 मिलिमीटरची, आत 0.030 ची. साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्या 0.018 असते. म्हणजे आत लाट सुईच्या टोकाच्या रुंदीहूनही छोटी झाली. त्या वळणात ती नीट बसणार कशी? ऐकणाऱ्याला मग ‘स’च्या जागी थुंकल्यासारखं ‘श्फ’ ऐकू येतं.

आणि सुलूने शेवटच्या गाण्याच्या ध्रुवपदात लागोपाठ चार ‘स’ गायलेत. डी-एसर मी फक्त तिच्या आवाजावर लावला, सात किलोहर्ट्झच्या आसपास, त्या चार जागी चार डेसिबल उतरवले. आख्ख्या मास्टरवर लावून पाहिला होता, तर प्रत्येक ‘स’बरोबर झांजही बुजत होती. अमुक डेसिबलपर्यंत चालेल असा आकडा इंजिनिअरने दिलाच नाही, विचारलं तर म्हणाला, गाणं कुठे बसतंय ते सांगा आधी.

म्हणून माझं म्हणणं असं. ते सहा मिनिटांचं शेवटचं गाणं उचलून दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला टाकू. पहिली बाजू 18 वर येते, दुसरी 15 ची 21 होते, फेऱ्याला 0.121 मिलिमीटर, चालेल. सगळ्यात मोठ्या आवाजाचं गाणं सगळ्यात बाहेर, जिथे खाच सरळ आणि वेगात जाते. दुसऱ्या बाजूच्या शेवटी तुझं गिटारचं आहे, त्यात ना ‘स’ ना बेस, ते आत मजेत राहील. मला माहीत आहे, पहिली बाजू धडाक्यात संपावी हा तुझा हट्ट होता आणि त्यासाठी तू क्रम भिंतीवर चिकटवला होतास. पण धडाका आतल्या टोकाला फाटून ऐकू आला तर तो कुणाला आवडेल?

क्रम न बदलता दुसरा मार्ग एकच: पहिली बाजू 24 मिनिटांचीच ठेवायची, सगळी कमी आवाजात कापून घ्यायची, आणि सुलूला पुन्हा गायला बोलवायचं. हे तिला सांगायचं काम तुझं.

नव्या नोकरीत रुळलास का? आईंची शस्त्रक्रिया नीट झाली हे दादांकडून कळलं, त्यांना नमस्कार सांग. छोटीने पेटी सोडली म्हणे, सोडू दे.

बेस पाठव, कोरा. प्रत्येक बाजूची एकच सलग फाइल द्यायची आहे, गाण्यांमधल्या शांततेसकट, त्यामुळे क्रमाचा निकाल आधी लागला पाहिजे. टेस्ट प्रेसिंग आलं की तुझ्या त्या जुन्या, साध्या सुईच्या प्लेअरवरच आधी लावू. माझ्या महागड्या सुईवर सगळंच बरं वाजतं.

तुझा,
मन्या

ता. क. दोन गाण्यांमधली ती सात सेकंदांची शांतता मी चारवर आणली आहे. त्यावर वेगळं भांडूया.